गाडी झटके देऊन राहिली अन् चेनही वाजते, चेन गेली की कार्बोरेटर?

तुरीचा पट्टा
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातून लिहितो. गाडी १२५ सीसी, २०१८ ची, कार्बोरेटरवाली, ३८ हजार किमी चालली. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. अर्धा रस्ता डांबरी, अर्धा मुरमाचा. कधी मागे खताची बॅग, कधी दुधाची कॅन.

त्रास असा. समोर बैलबंडी असली की दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये हळू चालावं लागते. तेव्हा रेस सोडली अन् परत दिली की मागून 'कडाक्' होऊन गाडी पुढे उडी मारते. मागे बसलेली आई दर खेपेस माझा शर्ट धरते. शिवाय चालताना खर्र-खर्र आवाज, स्पीडसोबत वाढणारा. गावातल्या मिस्त्रीनं चेन टाईट करून दिली. थोडे दिवस बरं वाटलं, मग तेच, अन् वरून आता मधूनमधून 'कुंई' असा नवा आवाज येऊन राहिला. दुसरा मिस्त्री म्हणते कार्बोरेटर खोलू. खोलू का?

मुरूम एक्सप्रेस
खोलून टाक ना भाऊ. झटका म्हणजे पेट्रोल नीट जाऊन नाही राहिलं. जेटमध्ये कचरा असन. माया गाडीले असंच होत होतं, साफ केलं, विषय संपला. चेन तर ढिली होतच राहते, दोन चुड्या टाईट कर अन् चाल.

पुलगावची वारी
चेनचा आवाज हलक्यात घेऊ नका. इंजिनातली टायमिंग चेन तुटली तर व्हॉल्व्ह वाकतात, मोठा खर्च निघतो. टेन्शनर बदलून घ्या आधी. माझ्या भाच्यानं उशीर केला अन् पूर्ण हेड उतरवावं लागलं.

चौदाचा पाना
पुलगाववाले, ते इंजिनातल्या चेनचं बोलत नाहीत, मागच्या चाकाच्या चेनचं बोलतात. वेगळं ओळखायचं सोपं आहे. गाडी उभी, न्यूट्रल, रेस दिली तर टायमिंग चेनचा आवाज येतोच. आणि चालत्या गाडीचं क्लच दाबून इंजिन मंद सोडलं तरी चाकासोबत खर्र-खर्र चालू राहिली, तर दोष मागे आहे. घाटंजीवाले, हे करून सांगा.

आता झटक्याबद्दल. पेट्रोल कमी जातं तेव्हा गाडी खोकते, दम तोडते, चढावर ओढत नाही. तुमच्याकडे रेस बदलल्यावर 'कडाक्' वाजून मग उडी येते. म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचण्याआधी कुठेतरी मोकळी जागा आहे. रेस सोडली की चाक इंजिनाला ओढतं, तेव्हा चेनची खालची बाजू ताणली जाते आणि वरची लोंबते. परत रेस दिली की वरची ताणायची असते. ती ताणेपर्यंत इंजिन रिकामं फिरतं, वेग घेतं, आणि मग एकदम जाऊन आदळतं. ढिलाई जितकी जास्त तितका धक्का मोठा. कार्बोरेटरला आत्ता हात लावू नका. आधी ढिलाई कुठे आहे ते पाहू.

डबल स्टँडवर लावा, इंजिन बंद, किल्ली काढलेली. टॉप गियर टाका. मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवा. इंजिन पकडेपर्यंत चाक थोडं मोकळं फिरेल. गियरबॉक्समध्येच थोडी मोकळीक असते, त्यामुळे ते शून्य कधी येणार नाही. बघायचं ते असं: चाक हलतंय पण मागचं स्प्रॉकेट जागेवरच आहे, तर हबातले रबर गेले. चाक आणि स्प्रॉकेट दोन्ही सोबत हलतात आणि चेन वर-खाली लोंबते, तर चेन. दोन्ही थोडं-थोडं असं बरेचदा निघतं.

तुरीचा पट्टा
क्लचवालं करून पाह्यलं. इंजिन मंद केलं तरी खर्र-खर्र चालूच. म्हणजे मागेच.
स्टँडवर चाक हलवलं तर दोन्ही आहे. आधी एकटं चाक थोडं हलते, स्प्रॉकेट तसंच राहते. मग स्प्रॉकेटही फिरते अन् चेन झोका घेते. आता?

संत्रा बागायत
वरूडकडून. माझी बीएस-६ गाडी आहे, इंजेक्शनवाली. चेन नवी, तरी हळू चालवताना रेस सोडून परत दिली की झटका येतो. तुमचं ऐकून वाटलं माझीही चेन काढावी की काय.

चौदाचा पाना
संत्रावाले, तुमचं वेगळं असू शकतं. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांमध्ये रेस पूर्ण सोडली की पेट्रोल बंद होतं आणि परत उघडताना सुरू होतं. तो झटका चेननं वाढतो पण चेनमुळे येतो असं नाही. आधी घाटंजीवाल्यांचं संपवू.

घाटंजीवाले, तुमचं पूर्ण चेन कव्हर आहे ना? ते काढा. कव्हरवरचं रबराचं बूच काढून बोटानं चेन हलवून बघतात ते रोजच्या तपासणीला ठीक आहे, आत्ता त्यानं भागणार नाही. गियर न्यूट्रल करा. खालच्या चेनच्या मध्यावर पट्टी उभी धरा, चेन वर ढकला, खाली ओढा, दोन्हींमधलं अंतर मोजा. मग चाक थोडं फिरवा, पुन्हा मोजा. असं चेनचा पूर्ण फेरा होईपर्यंत. जिथे सगळ्यात टाईट लागेल तिथल्या कडीवर खडूची खूण करा, आणि त्याच वेळी स्प्रॉकेटवरही एक खूण.

मग चेनची लांबी. खालची चेन ताणून धरायला कुणाला तरी सोबत घ्या. एका पिनेच्या मध्यापासून पुढे २० कड्या मोजा, म्हणजे पहिली पिन धरून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत. स्टीलचा टेप वापरा, शिंप्याचा नको. अशा गाड्यांना सहसा ४२८ नंबरची चेन असते, तिची एक कडी १२.७ मिमी. नव्या चेनच्या २० कड्या २५४ मिमी भरतात. दोन टक्के वाढली म्हणजे २५९. त्यापुढे चेन ठेवायची नाही. एक टक्का, म्हणजे २५६-२५७ आली की मी तरी किटचे पैसे बाजूला काढायला सांगतो.

मुरूम एक्सप्रेस
पत्तीचं लोखंड कसं ताणते बावा? ट्रॅक्टर लावला तरी ती चेन लांब होणार नाही.

चौदाचा पाना
बरोबर बोललात, पत्ती ताणत नाहीच. आतली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका जोडावर केसाएवढी झीज. पण तुमच्या चेनला ११६ कड्या असल्या तर ती ११६ वेळा जमा होते. 'चेन ताणली' म्हणतो तो हाच प्रकार. आणि आपल्याकडे ती लवकर होते कारण काळी माती. पावसाळ्यात चिखल कव्हरमध्ये जातो, वाळतो, त्यावर तेल पडलं की आत पॉलिशपेपर तयार.

केळापूरची मास्तरीण
एक भर घालते, कारण आमच्याकडे महागात पडलं. मिस्त्रीने चेन टाईट केली, चाक मागे सरकलं, त्यासोबत ब्रेकचा रॉड ताणला गेला आणि ते कुणी पाहिलंच नाही. पांढरकवड्यापर्यंत येईपर्यंत ब्रेक ड्रमला हात लावता येईना, ॲव्हरेजही गडगडलं. चेन केली की मागचा ब्रेक ढिला करायचाच असतो, हे नंतर कळलं.

तुरीचा पट्टा
मोजलं. भाच्यानं चेन ताणली, मी टेप धरला.
ढिलाई एका जागी २० मिमी, दुसऱ्या जागी ४५. खडूची खूण: टाईट जागा दर खेपेस चेनच्या त्याच कडीवर येते, स्प्रॉकेटची खूण मात्र तेव्हा कुठेही राहते.
२० कड्या टाईट जागी २५६, ढिल्या जागी २६०.
मागचं स्प्रॉकेट पाहिलं, दात एका बाजूनं आकड्यासारखे वळले.

चौदाचा पाना
मग उत्तर आलं. टाईट जागा स्प्रॉकेटसोबत, चाकाच्या दर फेऱ्याला आली असती तर स्प्रॉकेट तिरपं बसलंय किंवा गोल नाही असं म्हटलं असतं. पण ती चेनसोबत फिरते. म्हणजे चेन सगळीकडे सारखी झिजलेली नाही, कुठे २५६, कुठे २६०. काही कड्यांमध्ये तेल पोचलं, काहींमध्ये गंज आणि माती.

तुमच्या मिस्त्रीचं कुठे चुकलं ते यात दिसतं. त्यानं गाडी जशी उभी होती तशी चेन टाईट केली. तेव्हा ढिली जागा खाली होती. ती बरोबर झाली, पण फिरून टाईट जागा आली की चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी. 'कुंई' तिथूनच येतं. माणूस मागे बसला की चिमटा वर जातो आणि चेन आणखी ताणते. तेव्हा ओढ पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर पडते. ढिली चेन वाजते म्हणून कळते. टाईट चेन गुपचूप बेअरिंग खाते.

एक शेवटची खात्री करा. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त दिसला तर चेन दातात बसतच नाही, दाताच्या माथ्यावर चढून चालते.

तुरीचा पट्टा
अर्ध्यापेक्षा जास्त दिसला. खालून पलीकडचा उजेडही दिसते.

मुरूम एक्सप्रेस
अजून एक उपाय आहे, खर्च न करता. चेनची एक कडी काढ. आमच्या इकडे सगळे तेच करतात. चाक पुन्हा पुढे येते, पुन्हा सहा महिने बिनघोर.

चौदाचा पाना
एक कडी काढून जोडता येत नाही, आतली-बाहेरची अशी जोडी काढावी लागते. काढली तरी काय मिळतं? फक्त ॲडजस्टरला जागा. प्रत्येक कडीचं अंतर वाढलेलंच राहतं, म्हणून ती दातावर चढणं थांबत नाही. २६० भरलेली चेन छोटी केली तरी २६०चीच राहते. आणि मागे खताची बॅग असताना ती तुटली किंवा उतरून चाकात अडकली, तर मागचं चाक जाम होतं.

मुरूम एक्सप्रेस
बरं मग फक्त चेन बदल. स्प्रॉकेट कशाले?

चौदाचा पाना
कारण आकड्यासारखा दात नव्या चेनला जुन्या चेनच्या मापानं ओढतो. नवी चेन हजार-दोन हजारातच वाजायला लागलेली मी पाहिली आहे. पुढचं, मागचं आणि चेन, तिन्ही सोबत. पुढचं कव्हरखाली लपलेलं असतं म्हणून लोक विसरतात, पण दात कमी असल्यामुळे ते जास्त वेळा फिरतं आणि बहुधा तेच आधी झिजतं. सोबत हबातले रबरही घ्या, चाक निघालंच आहे.

तुरीचा पट्टा
दुकानदार म्हणते पुढचं १५ दातांचं टाक, ॲव्हरेज वाढते. आत्ता १४ आहे, मागे ४२.

चौदाचा पाना
सपाट रस्त्यावर एकटा जाणारा असेल तर चालेलही. आत्ता चाकाच्या एका फेऱ्याला पुढचं स्प्रॉकेट तीन फेरे फिरतं, मग २.८ होईल. म्हणजे त्याच स्पीडला इंजिन सातएक टक्के मंद. तुम्ही बॅग घेऊन बैलबंडीच्या मागे चालता, इंजिन आधीच कुंथतं. झटके वाढतील. १४च ठेवा.

संत्रा बागायत
१५ मी टाकलं होतं, ॲव्हरेजमध्ये मला काही फरक दिसला नाही. पण माझं चालवणं तसं आहे.

तुरीचा पट्टा
किट आणली, रबर आणले. मिस्त्रीकडे जायच्या आधी सांगा, मी उभा राहून काय पाहू?

चौदाचा पाना
पुढचं स्प्रॉकेट काढल्यावर शाफ्टच्या मागची माती आणि तेलाचा गोळा खरवडून काढायला लावा. तिथे ओलं तेल झिरपताना दिसलं तर शाफ्टची सील गेली आहे, ती आत्ताच बदला. चेनचा लॉक बसवताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेनं पळते तिकडे असावं, उघडं टोक मागे. उलटं बसलं तर कशाला घासून निघू शकतं.

चेन सेट करताना मागच्या एक्सलचा नट ढिला करतातच. पण स्प्रॉकेटच्या बाजूला मोठा स्लीव्ह नट असेल तर तोही ढिला झाला पाहिजे. तो तसाच कसलेला राहिला तर एक बाजू सरकते, दुसरी नाही, आणि चाक तिरपं बसतं. मग दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवायचे, पाव-पाव फेरा. चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आणा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. चिमटा जिथे बोल्टवर फिरतो तिथल्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे टेप लावून बघा.

ढिलाई किती, ते कव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असेल तर त्याप्रमाणे. अशा गाड्यांना बहुतेक २० ते ३० मिमी असते. तुम्ही वजन नेता म्हणून ३० कडे ठेवा, आणि चेनच्या सगळ्यात टाईट जागी मोजून. नट पूर्ण कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना चाक जरा सरकतं. शेवटी मास्तरीणबाईंनी सांगितलं तसं ब्रेक ढिला करून पेडलला दोन ते तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा, आणि चाक हातानं फिरवून ते ड्रमला घासत नाही ना बघा.

तुरीचा पट्टा
झालं. जुने रबर चपटे होऊन चिरले होते, एकाचा तुकडा तर हबातच सापडला. पुढच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे. स्लीव्ह नट मिस्त्री ढिला करत नव्हता, मी सांगितल्यावर पाहून घेतलं अन् म्हणे "तुम्ही कुठं शिकले?" खर्र-खर्र बंद, कुंई बंद, कडाक् बंद. आईनं शर्ट धरला नाही.

आता चेनला तेल कोणतं? मिस्त्री इंजिनाचं जळकं ऑईल मारते.

मुरूम एक्सप्रेस
जळकं ऑईलच मार. फुकट आहे. गाडी गियरमध्ये सुरू ठेव, कपडा धर, चेन फिरत फिरत साफ होते.

चौदाचा पाना
चालू इंजिनावर फिरत्या चेनला कपडा कधीच धरू नका. कपडा स्प्रॉकेटमध्ये ओढला जातो आणि सोबत बोट. आमच्या गॅरेजवर असं एक बोट गेलेलं आहे. इंजिन बंद, न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं.

तेलाचं म्हणाल तर मी ९० नंबरचं गियर ऑईल सांगतो. आधी रॉकेल आणि ब्रशनं चेन धुवा, पूर्ण पुसून वाळवा, मग आतल्या बाजूनं, पत्त्यांच्या फटीत थेंब-थेंब. रात्रभर मुरू द्या, सकाळी बाहेरचं पुसून टाका. ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोल लावू नका, रबर खराब होतं. तुमची साधी आहे. पावसाळ्यात आठवड्याला, उन्हाळ्यात ५०० किमीला.

केळापूरची मास्तरीण
आमचे मिस्त्री ग्रीस सांगतात, म्हणतात पाण्यात टिकतं.

चौदाचा पाना
बाहेरून थापलेलं ग्रीस पिनेपर्यंत जात नाही, माती मात्र धरून ठेवतं. धानाच्या पट्ट्यात, भंडाऱ्याकडे, गाडी चिखलातूनच चालते, तिथले काही जुने मिस्त्री ग्रीस गरम करून त्यात चेन बुडवतात. त्यात ते आत जातं. तेवढी मेहनत करणार असाल तर माझा विरोध नाही.

तुरीचा पट्टा
एक राहिलंच. मोठा धक्का गेला, पण तिसऱ्या गियरमध्ये २० च्या स्पीडला रेस उघडताना अजून हलकासा हुंदका देते. चेन आता बरोबर आहे. मग हे काय?

मुरूम एक्सप्रेस
सांगितलं होतं, कार्बोरेटर!

चौदाचा पाना
असू शकतं, नाकारत नाही. पण २० ला तिसरा गियर, मागे वजन, कोणतीही १२५ कुंथणारच. दुसरा टाकून बघा. तरी राहिलं तर रेसची केबल बघा. मुठीला इंजिन ऐकेपर्यंत २ ते ६ मिमी मोकळी चाल असावी. जास्त असेल तर मूठ आधी रिकामी फिरते आणि मग एकदम पकडते. इंजिन मंद चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, आवाज वाढला तर केबल कुठेतरी ताणते. केबलमध्ये काही निघालं नाही, तर मुरूम एक्सप्रेसचं ऐका आणि कार्बोरेटर साफ करा. इथे बसून मला यापुढे सांगता येणार नाही.

संत्रा बागायत
दुसऱ्या गियरचं मी माझ्या गाडीवर करून पाहिलं, बराच फरक पडला. पूर्ण गेलं नाही.

तुरीचा पट्टा
मूठ जवळपास सेंटिमीटरभर रिकामी फिरते. खालचा ॲडजस्टर गंजून बसला, रॉकेल सोडून ठेवलं. फवारणी आटोपली की खोलतो अन् इथंच लिहितो.